‘चारित्र्यापासून वंचित’ ब्रँड: ट्रेडमार्कचा परीक्षण अहवाल आणि ते ३० दिवस

प्रश्न: आमचा घरगुती मसाल्याचा छोटा ब्रँड आहे, सातारा जिल्ह्यात. ट्रेडमार्कचा अर्ज भाच्याने ऑनलाइन भरला होता. त्याच्या ईमेलवर ३ जुलैला रिपोर्ट आला, मला त्याने १९ जुलैला दाखवला. इंग्रजीत असल्यामुळे मोबाईलवर मराठी करून घेतला. त्यात लिहिलंय, ‘प्राप्तीपासून ३० दिवसांत उत्तर न दिल्यास अर्ज सोडून दिला जाईल’. पुढे ‘चिन्ह विशिष्ट चारित्र्यापासून वंचित आहे’ आणि ‘जनतेत गोंधळ माजण्याची शक्यता’. आज २४ तारीख. मला १८ ऑगस्टपर्यंत वेळ आहे ना? कुणी आमच्यावर केस केली आहे का? नवीन पाकिटं छापून आलीत, विकणं थांबवू का?

उत्तर:

१८ ऑगस्ट डोक्यातून काढून टाका. तुमची शेवटची तारीख २ ऑगस्ट आहे, म्हणजे हातात नऊ दिवस आहेत. बाकी सगळं नंतर वाचा, आधी ही तारीख कॅलेंडरवर लिहा.

चूक तुमची नाही, ‘प्राप्ती’ या शब्दाची आहे. आपल्याला वाटतं, कागद माझ्या हातात पडला ती प्राप्ती. पण ट्रेडमार्क नियम २०१७ मधला १८ वा नियम ईमेलच्या बाबतीत सरळ आहे: रजिस्ट्रीने ईमेल पाठवला, की त्याच वेळी तो तुम्हाला पोचला असं धरलं जातं. तुम्ही तो कधी उघडला, भाच्याने कधी दाखवला, स्पॅममध्ये किती दिवस पडून होता, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. अर्जात भाच्याचा ईमेल दिला होता, तिथे तो ३ जुलैला पोचला. ३ जुलै सोडून ४ जुलैपासून मोजा. ३१ जुलैला अठ्ठावीस दिवस होतात आणि २ ऑगस्टला तीस.

आता कुणी तुम्हाला सांगेल की ३ ऑगस्ट चालतो. त्याचंही अगदीच चूक नाही. ३३ व्या नियमात शब्द ‘एक महिना’ असा आहे आणि अहवालाच्या कागदावर ‘३० दिवस’ असं छापलेलं असतं. जुलै एकतीस दिवसांचा असल्यामुळे दोन्हींत एका दिवसाचा फरक पडतो. त्या एका दिवसावर भांडायची वेळ येऊ देऊ नका. माझ्या ऑफिसात आम्ही नेहमी दोहोंतली अलीकडची तारीख धरतो आणि तिच्याही तीन दिवस आधी उत्तर दाखल करतो. शेवटच्या रात्री पोर्टल अडकणं, डिजिटल सही न चालणं, पीडीएफचा आकार मर्यादेबाहेर जाणं, हे सगळं मी भोगलेलं आहे. तुम्ही ३० जुलै धरा.

एक गोष्ट आजच तपासा. रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर अर्जाचा क्रमांक टाकून स्थिती पाहिली की View Examination Report असं बटण दिसतं. तिथून मूळ अहवाल उतरवून घ्या आणि त्यावरची तारीख ईमेलच्या तारखेशी ताडून पाहा. दोन तारखा वेगळ्या निघाल्या तर आधीची धरा. आणि यापुढचं सगळं मूळ इंग्रजी कागद समोर ठेवून करा, मोबाईलमधलं मराठी नको.

मुदत वाढवून मागता येते. TM-M नावाच्या अर्जावर, ऑनलाइन ९०० रुपये भरून, जास्तीत जास्त एक महिना. पण ती देणं न देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं, आणि ‘अहवाल उशिरा पाहिला’ हे कारण फार भक्कम नाही. उत्तर देण्याला मात्र सरकारी शुल्क काहीच नाही. म्हणून मुदतवाढ मागण्यात चार दिवस घालवण्यापेक्षा थोडक्यात का होईना पण वेळेत उत्तर गेलेलं बरं. त्यात ‘पुरावे सुनावणीच्या वेळी जोडू, आम्हाला सुनावणी द्यावी’ असं एक वाक्य घालता येतं.

आता ‘अर्ज सोडून दिला जाईल’. माझ्याकडे गेल्या वर्षी एक गृहस्थ आले होते. त्यांनी याचा अर्थ ‘अर्ज सुटला, आपण मोकळे’ असा घेतला होता आणि आनंदाने वाट बघत बसले होते. मूळ शब्द ‘ॲबॅन्डन्ड’ असा आहे. त्याचा अर्थ असा की अर्जदाराने, म्हणजे तुम्ही, अर्जावर पाणी सोडलं असं रजिस्ट्रार धरतील. कायद्याचं कलम १३२ त्यासाठीच आहे. अर्ज मेला की भरलेले पैसे गेले. वैयक्तिक किंवा लघुउद्योगाच्या दराने भरला असेल तर मालाच्या एका वर्गाचे ४,५०० रुपये. पण पैशापेक्षा मोठं नुकसान तारखेचं असतं. नवीन अर्ज केला की तुमची जागा रांगेत मागे जाते, आणि मधल्या काळात तशाच नावाचा कुणी अर्ज केला असेल तर तो तुमच्या पुढे उभा राहतो.

मेलेला अर्ज उठवता येतोही. पुनर्विलोकन मागण्याला निर्णयापासून एक महिना असतो, नाहीतर तीन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात अपील. दोन्हीला वकील लागतो आणि मसाल्याच्या नफ्यातून ते परवडत नाही. तुम्हाला कुणी २०१६ ची गोष्ट सांगून धीर देईल, म्हणून तीही सांगतो. त्या वर्षी मार्चअखेरीस रजिस्ट्रीने उत्तर आलं नाही म्हणून एका झपाट्यात लाखाहून जास्त अर्ज असे मृत ठरवले. त्यातल्या कितीतरी लोकांनी उत्तरं दिलेली होती, फक्त ती फायलीला लागली नव्हती. एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या आदेशांना स्थगिती दिली आणि योग्य नोटीस दिल्याशिवाय कुणाचाही अर्ज असा निकालात काढू नका असं बजावलं. त्या गोंधळातून मी एवढंच शिकलो, की उत्तर दाखल केल्याची पोच छापून फायलीत लावायची आणि तीन दिवसांनी संकेतस्थळावर आपलं उत्तर दिसतंय का ते पाहायचं. कोर्ट वाचवेल या भरवशावर मात्र बसू नका.

केसचं म्हणाल, तर तुमच्यावर कुणीही काहीही केलेलं नाही. सध्या तुमच्या अर्जापुढे Objected असं दिसत असणार. ही रजिस्ट्रीच्या परीक्षकाची स्वतःची शंका आहे, समोर दुसरा माणूस नाही. Opposed हा शब्द वेगळा. तो खूप पुढे येतो, अर्ज जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर. तिथून चार महिन्यांत कुणीही बाहेरचा माणूस शुल्क भरून विरोध नोंदवू शकतो. भाषांतरात दोन्हींना ‘हरकत’ किंवा ‘विरोध’ म्हणतात आणि लोक घाबरून जातात.

त्यामुळे परीक्षण अहवाल आला म्हणून माल विकणं थांबवावं लागत नाही. पाकिटं वापरा. फक्त त्यांवर वर्तुळातला आर छापला असेल तर ती पाकिटं बाजूला ठेवा. नोंदणी नसताना ते चिन्ह लावणं हा कलम १०७ खाली गुन्हा आहे. नुसतं टीएम चालतं. आणि अहवालात दाखवलेलं एखादं नाव खरोखर तुमच्या मालाचं जुळं भावंड असेल, तर मात्र त्या मालकाला तुमच्यावर दावा करता येऊ शकतो. ते अहवालामुळे नाही, वस्तुस्थितीमुळे. त्याबद्दल पुढे बोलू.

‘चारित्र्या’कडे वळतो. तुमच्या मालाबद्दल कुणी काही वाईट बोललेलं नाही. कलम ९ सांगतं, की ज्या नावाने तुमचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखू येत नाही, ते नाव एकट्याच्या मालकीचं करता येत नाही. नाव मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग किंवा तो कुठून येतो हे नुसतं सांगत असेल, तर ते सगळ्या व्यापाऱ्यांसाठी मोकळं राहिलं पाहिजे. ‘तिखट’, ‘घरगुती मसाला’, ‘कोल्हापुरी’, ‘शुद्ध’ हे शब्द उद्या तुमच्या एकट्याचे झाले तर शेजारणीने तिच्या पाकिटावर काय लिहायचं? मुद्दा एवढाच आहे.

‘जनतेत गोंधळ’ हे कलम ११. यात दंगल नाही. तुमच्या आधी कुणीतरी तशाच नावाचा, तशाच मालासाठी अर्ज केलेला आहे आणि गिऱ्हाईक एकाचं समजून दुसऱ्याचं पाकीट उचलेल, अशी परीक्षकाची शंका आहे. अहवालाला अशा नावांची यादी जोडलेली असते.

ही दोन दुखणी वेगळी आहेत, औषधंही वेगळी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरू शकतं. माझ्या मते उत्तर बिघडतं ते इथेच, म्हणून एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो. नावं बदलली आहेत, गाभा तोच आहे.

वाईकडच्या एक बाई कांदा लसूण मसाला आणि कोरड्या चटण्या करतात. ब्रँडचं नाव धरा ‘उखळी’, देवनागरीत, बाजूला उखळ-मुसळाचं चित्र. अर्ज एका सायबर कॅफेवाल्याने भरून दिला होता. मराठी नावाचं रोमन लिप्यंतर आणि अर्थ अर्जात द्यावा लागतो. त्याने अर्थाच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं, ‘उखळाची, मसाले कुटण्याचं दगडी साधन’. मालाच्या रकान्यात वर्ग ३० चं आख्खं शीर्षक उतरवलं: कॉफी, चहा, कोको, साखर, तांदूळ, पीठ, पाव, मध, मसाले, बर्फ. बाई बर्फ विकत नाहीत, हे त्याला विचारायचं सुचलं नाही.

अहवालात दोन्ही कलमं आली. कलम ९ ची शंका त्या अर्थाच्या रकान्यातूनच उगवली होती: मसाला उखळात कुटतात, म्हणजे नाव मालाच्या पद्धतीचं वर्णन झालं. कलम ११ खाली तीन नावं होती. एक चहाचं, एक गव्हाच्या पिठाचं, आणि तिसरं उत्तरेकडच्या एका मसालेवाल्याचं ‘ओखली’. हिंदीत ओखली म्हणजे आपलं उखळच. अर्थ एक, उच्चार जवळचा, माल तोच. बाईंनीही अहवाल मोबाईलवर मराठीत करून घेतला होता आणि त्यात उखळाच्या इंग्रजी शब्दाचं ‘तोफ’ झालं होतं. ‘मसाल्यात तोफ कुठून आली?’ असं विचारतच त्या माझ्याकडे आल्या.

पहिलं काम मालाच्या यादीला कात्री. TM-M भरून ती ‘मसाले आणि कोरड्या चटण्या’ एवढ्यावर आणली. माल कमी करायला सहसा अडचण येत नाही, वाढवायला येते. यादी आटोपली तसा चहाचा आणि पिठाचा मुद्दा जवळपास आपोआप ढिला पडला. चहा आणि मसाला एकाच वर्गात असले म्हणून एकसारखे होत नाहीत, पण तुम्ही स्वतःच चहा मागून ठेवला असेल तर तसं म्हणायचं तोंड राहत नाही. तुमच्या भाच्याने मालाच्या रकान्यात काय लिहिलंय ते आज रात्री बघा. दहापैकी सात प्रकरणांत शीर्षक उतरवलेलं असतं, असा माझा अंदाज आहे.

मग कलम ९. बाईंचे यजमान म्हणाले, ‘त्यात काय, लिहून टाका की आम्ही उखळ वापरतच नाही. मसाला डंखावर कुटून आणतो. म्हणजे वर्णन नाही झालं.’ ऐकायला बिनतोड वाटतं. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात लोकांची फसवणूक करणाऱ्या चिन्हाला मनाई आहे. पाकिटावर उखळाचं चित्र, नाव उखळी, आणि उत्तरात आपणच लिहून द्यायचं की माल मशीनवर कुटलेला आहे. एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात उडी. ते वाक्य आम्ही उत्तरात घेतलंच नाही.

आम्ही असं मांडलं, की ‘उखळी’ हे मसाल्याचं नाव नाही, बाजारात कुणी ‘पाव किलो उखळी द्या’ म्हणत नाही. शब्द जुन्या स्वयंपाकघराची आठवण करून देतो, आणि आठवणीपासून मालापर्यंत गिऱ्हाइकाला मनात एक उडी मारावी लागते. असं सूचक नाव कायद्याला चालतं, थेट वर्णन चालत नाही. मराठीत उखळ म्हटलं की कांडणाआधी ‘उखळ पांढरं होणं’ डोळ्यापुढे येतं, हेही लिहिलं. याने निकाल फिरला असं माझं म्हणणं नाही, पण शब्दाला एकच अर्थ नाही हे दाखवायला ते उपयोगी पडलं. दुसरा आधार वापराचा. कलम ९ मध्येच सवलत आहे, की अर्जाच्या तारखेपूर्वीच्या वापरामुळे नावाला ओळख मिळाली असेल तर या कारणाने ते नाकारता येत नाही. ‘अर्जाच्या तारखेपूर्वीच्या’ हे शब्द नीट वाचा. अर्जानंतरच्या जाहिराती आणि फॉलोअर्स इथे कामाचे नाहीत.

वापराच्या पुराव्यात आमची खरी दमछाक झाली. बाई म्हणत होत्या, २०१४ पासून विकतोय. अर्जात वापर सुरू केल्याची तारीख होती २०१७ ची. कागद काय निघाले? कार्बन लावून फाडायच्या बिलबुकाच्या दोन प्रती, त्यांवर ‘मसाला ५ कि.’ एवढंच, ब्रँडचं नाव नाही. अन्नसुरक्षा नोंदणीचं प्रमाणपत्र, त्यावर बाईंचं नाव, ब्रँडचं नाही. उपयोगी पडला तो प्रिंटिंग प्रेसचा बिलाचा कागद: २०१७ चा ऑक्टोबर, ‘उखळी लेबल, दोन रंग, नग २०००’. एक चुरगळलेला कागद, पण त्यावर नाव, तारीख आणि तिसऱ्या माणसाची सही, तिन्ही होतं. त्याच्या जोडीला बचत गटांच्या प्रदर्शनातला स्टॉलचा फोटो, मागे फ्लेक्सवर वर्ष दिसणारा. आम्ही शपथपत्रात २०१७ च लिहिलं. २०१४ खरं असेलही, पण ज्याला कागद नाही ते शपथेवर सांगू नये.

तुम्ही कागद गोळा कराल तेव्हा हीच चाळणी लावा: ब्रँडचं नाव दिसतंय का, तारीख दिसतेय का, आणि ती अर्जाच्या आधीची आहे का. लेबल छापणाऱ्याचं बिल, पाकिटं पुरवणाऱ्याचं बिल, दुकानदाराला दिलेलं चलन, कुरिअरची पावती, व्यापाऱ्याशी झालेला व्हॉट्सॲपवरचा व्यवहार, काहीही. रजिस्ट्रीचं कामकाज इंग्रजी किंवा हिंदीत चालतं, त्यामुळे उत्तर मराठीत देता येत नाही आणि मराठी बिलांसोबत भाषांतर जोडावं लागतं. ते भाषांतर मात्र माणसाकडून करून घ्या. ‘डंखावर कुटून’चं मोबाईल काय करेल, सांगता येत नाही.

राहिला ‘ओखली’. इथे सोपं उत्तर नव्हतं. नावाची स्थिती पाहिली: अर्ज २०१९ चा, म्हणजे बाईंच्या अर्जाच्या आधीचा, आणि त्यात ‘वापर अजून सुरू केलेला नाही’ असं नोंदवलेलं. आमचा वापर २०१७ चा. म्हणून तीन गोष्टी मांडल्या. बाईंचा वापर आधीचा आणि प्रामाणिक आहे. दोघांचा बाजार आणि लेबल वेगळं आहे. आणि कलम १२ मध्ये प्रामाणिकपणे शेजारी-शेजारी चाललेल्या वापराला रजिस्ट्रार जागा देऊ शकतात. यातला पहिला मुद्दा जड होता, तिसरा त्याच्या टेकूवर उभा होता.

एक मोह इथे टाळला, आणि तुम्हीही टाळा. बहुतेक तयार नमुन्यांत एक वाक्य असतं: ‘हा शब्द या व्यापारात सर्रास वापरला जातो, पुष्कळ लोकांकडे आहे, म्हणून गोंधळ होणार नाही.’ कलम ११ ला ते बरं दिसतं. पण शब्द सर्रास वापरातला आहे हे तुम्ही कबूल केलंत की कलम ९ ची शंका तुम्हीच सिद्ध केलीत. परीक्षक सुनावणीत तेच वाक्य वाचून दाखवतो.

दुसरं, ‘दोन्ही नावांत काहीच साम्य नाही’ हे लिहिताना दहा वेळा विचार करा. लिहिलेलं कायम राहतं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जानेवारी २०२३ मध्ये केईआय इंडस्ट्रीजच्या प्रकरणात हाच मुद्दा धरला. कंपनीने परीक्षण अहवालाच्या उत्तरात समोर दाखवलेलं नाव आपल्यापेक्षा वेगळं आहे असं लिहून दिलं होतं. पुढे त्याच नावाच्या मालकावर साम्य असल्याचा दावा लावला. न्यायालयाने म्हटलं, नोंदणी मिळवताना एक आणि भांडताना दुसरं, असं चालणार नाही, आणि मनाई हुकूम टिकला नाही. वायर-केबलच्या एवढ्या मोठ्या कंपनीचं हे झालं. म्हणून आम्ही ‘ओखली’बद्दल ‘साम्य नाही’ असं सरसकट न लिहिता ‘या लेबलांसकट, या बाजारांत, गिऱ्हाईक फसणार नाही’ असं लिहिलं. उद्या त्यांनी बाईंची रंगसंगती उचलली तर बोलायला जागा राहिली.

या प्रकरणाचं पुढे असं झालं, की उत्तर गेल्यावर काही महिन्यांनी स्थिती Ready for Show Cause Hearing झाली. व्हिडिओवर सुनावणी, जेमतेम दहा मिनिटं. अधिकाऱ्याने चहा-पीठ विचारलंच नाही. प्रेसचं बिल स्क्रीनवर मोठं करायला लावलं, तारीख वाचली, ‘ओखली’वर दोन प्रश्न विचारले, आणि लेबल म्हणून अर्ज पुढे गेला. लेबल म्हणून, हे महत्त्वाचं. कलम १७ प्रमाणे नोंदणी पूर्ण चिन्हाला मिळते, त्यातल्या प्रत्येक तुकड्याला आपोआप नाही. ‘उखळी’ हा नुसता शब्द बाईंचा एकट्यांचा झाला, असा त्याचा अर्थ नाही. हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांना चालण्यासारखं होतं, कारण त्यांचा माल लेबलावरच ओळखला जातो. तुम्ही मुख्यतः तोंडी नावावर विकत असाल तर तुमचा निर्णय वेगळा असू शकतो.

तुमच्या बाबतीत काय होईल ते मला इथून सांगता येणार नाही, कारण ते तीन गोष्टींवर ठरेल. तुमचं नाव वर्णन करतं की सुचवतं. अर्जाआधीचा वापर कागदावर दाखवता येतो का. आणि यादीतलं सगळ्यात जवळचं नाव जिवंत आहे का. तिसरी गोष्ट तुम्ही स्वतः पाहू शकता. यादीतला प्रत्येक क्रमांक संकेतस्थळावर टाका. Abandoned किंवा Refused असेल तर त्या स्थितीची प्रत उत्तराला जोडा, तेवढ्याने ते नाव बहुधा गळतं. नूतनीकरण न झाल्यामुळे काढलेलं असेल तर घाई नको. काढल्यापासून वर्षभर, नव्या अर्जांपुरतं, ते नोंदवहीत असल्यासारखंच धरलं जाऊ शकतं, म्हणून कधी काढलं ती तारीख बघा. जिवंत असेल, माल तोच असेल आणि त्यांचा वापर तुमच्या आधीचा असेल, तर खरं सांगतो, उत्तर लिहिण्याआधी पुढची पाकिटं किती छापायची याचा विचार करा. अशा ठिकाणी कधी समोरच्याकडून लेखी संमती मिळते, तिचा उपयोग होतो. बहुतेक वेळा मिळत नाही.

नऊ दिवसांचा क्रम मी असा लावेन. आज आणि उद्या मूळ अहवाल, अर्जाची प्रत आणि यादीतल्या नावांची स्थिती उतरवून घ्या. पुढचे तीन दिवस कागद शोधायला, त्यात प्रेसवाल्याला फोन आधी, कारण जुनी बिलं शोधायला तोही वेळ घेतो. मग नोटरीसमोर शपथपत्र आणि मराठी कागदांचं भाषांतर. मसुदा एखाद्या ट्रेडमार्क एजंटला किंवा वकिलाला दाखवा. निदान कलम ११ चा भाग तरी दाखवाच, कारण तिथलं एक वाक्य पुढे दहा वर्षं त्रास देऊ शकतं. कलम ९ एकटंच आलं असतं तर स्वतः लिहा म्हणालो असतो. मालाची यादी कमी करायची असेल तर TM-M उत्तराच्या आधी किंवा सोबतच जाऊ द्या, आणि उत्तरात त्याचा उल्लेख करा.

उत्तर गेल्यावर सुनावणीची नोटीसही भाच्याच्याच ईमेलवर येणार आहे, आणि तिथे हजर राहिलं नाही तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. त्या ईमेलचा पासवर्ड आजच मागून घ्या, आणि दर सोमवारी इनबॉक्स आणि स्पॅम दोन्ही स्वतः उघडून बघा.